फोटोचं चित्र करताना पाटीवरची आणि टी-शर्टवरची अक्षरं कशी वाचवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला माझं फोटो आणि डीटीपीचं छोटं काम आहे. गेल्या दोनेक वर्षांत एकच मागणी सारखी येते: "आमच्या दुकानाच्या फोटोचं जलरंगातलं चित्र करून द्या" किंवा "फोटोत भाचा नव्हता, त्याला उभा करा." ही कामं आता बरीचशी एआयवर होतात, आणि प्रत्येक वेळी अडतं ते अक्षरांपाशी. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांनी आणि शिकायला येणाऱ्या मुलांनी विचारलेले आहेत. बहुतेक उत्तरं एकाच कामाच्या आधाराने दिली आहेत. गिरगावातल्या एका दुकानाचा फोटो, वर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली पाटी, "घरगुती पोळी-भाजी केंद्र". त्या पाटीखाली उभा करायचा होता "मुंबईकर" लिहिलेला टी-शर्ट घातलेला भाचा, जो फोटो काढला त्या दिवशी पुण्यात होता.

चेहरे, झाडं, गाड्या सगळं छान येतं. मग अक्षरंच का बिघडतात?

कारण यंत्र तुमचा फोटो जसाच्या तसा हाताळत नाही. सध्याची बरीचशी चित्रं बनवणारी मॉडेलं आधी फोटोचा गोषवारा करतात. आठ पिक्सेल रुंद आणि आठ पिक्सेल उंच असा एक चौकोन घेऊन त्याची माहिती मोजक्या आकड्यांत बसवतात, त्या आकड्यांवर चित्रकाम करतात आणि शेवटी त्यातून पुन्हा पिक्सेल उभे करतात. झाडाच्या पानांचं यात काही बिघडत नाही. पान इकडचं तिकडे झालं तरी ते पानच दिसतं. अक्षराचं तसं नाही.

गिरगावच्या फोटोचाच हिशोब करून दाखवतो. मूळ फोटो मोबाइलचा, 4032 पिक्सेल रुंद. त्यात पाटीवरचं अक्षर 118 पिक्सेल उंच, म्हणजे ऐसपैस. पण मॉडेलला फोटो 1024 पिक्सेल रुंद करून दिला, की तेच अक्षर 30 पिक्सेलांचं उरतं. गोषवाऱ्यात ते चार चौकोनांतही नीट भरत नाही. "केंद्र"वरचा अनुस्वार मूळ फोटोत 16 पिक्सेलांचा होता, तो झाला 4 पिक्सेलांचा, म्हणजे अर्धा चौकोन. यंत्राच्या लेखी तो अनुस्वार म्हणजे पत्र्यावरचा डाग. ते कधी तो पुसतं, कधी मात्रेला चिकटवतं, कधी शेजारच्या अक्षरावर नेऊन ठेवतं.

त्यात आपली लिपी अशी, की एवढ्याशा फरकावर शब्द फिरतो. घ आणि ध शेजारी शेजारी लिहून बघा. घ वर शिरोरेषा सलग जाते, ध वर ती तुटते आणि तिथे छोटा आकडा असतो. भ आणि म यांचंही तेच. ती फट मूळ फोटोत 12 पिक्सेलांची असली, तर लहान केलेल्या फोटोत 3 पिक्सेलांची होते. शिवाय या मॉडेलांना रोमन अक्षरांचा जेवढा सराव आहे तेवढा देवनागरीचा नाही. त्यामुळे पाटीवरचं इंग्रजी बऱ्यापैकी राहतं आणि मराठीची नक्षी होते. 2022च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेलं हवं असा कायदाच आहे. म्हणजे मुंबईतल्या रस्त्याच्या कुठल्याही फोटोत बिघडायला देवनागरी भरपूर आहे.

"पाटीवरची अक्षरं बदलू नका" असं यंत्राला लिहून सांगितलं तर?

सांगून बघा, माझी हरकत नाही. मोठ्या, मोजक्या अक्षरांना नव्या मॉडेलांत थोडा उपयोग होतो. पण अडचण आज्ञा न पाळण्याची नाही. वर सांगितलं तसं, बारीक माहिती यंत्रापर्यंत पोहोचलेलीच नसते. जे दिसलंच नाही ते जपणार कसं?

बदलाचं प्रमाण कमी ठेवलं तर अक्षरं वाचतील का?

थोडी. `denoising strength` नावाचा जो आकडा असतो तो 0.25च्या आसपास ठेवला, तर मोठी अक्षरं टिकतात, पण मग चित्रही जलरंगातलं वाटत नाही. नुसता रंग उडालेला फोटो वाटतो. जलरंग जाणवायला मला 0.5च्या पुढेमागे जावं लागतं, आणि तिथे 30 पिक्सेलांचं अक्षर तग धरत नाही. हा आकडा शून्य ठेवला तरी बारीक अक्षरं किंचित खराब होतात, कारण आठ-आठच्या चौकोनांतून जाऊन परत येणं तरीही होतंच. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते तासन्‌तास आकडे हलवत बसतात.

मग तुम्ही काय करता?

अक्षरं यंत्राच्या हाती देतच नाही. आधी फोटोतून ती उचलून बाजूला ठेवतो, कोऱ्या पाटीचं आणि कोऱ्या टी-शर्टचं चित्र करून घेतो, आणि शेवटी मूळ अक्षरं परत बसवतो. गिरगावचं काम असंच केलं.

पहिलं काम निवडीचं. निळ्यावर पांढरं असल्याने रंगावरून निवड झटकन झाली. ही निवड मूळ 4032 पिक्सेलांच्या फोटोवरच करायची, लहान केलेल्यावर नाही. निवडलेल्या अक्षरांचा काळा-पांढरा मुखवटा वेगळ्या थरात साठवला. त्यात पाचशे टक्क्यांवर जाऊन अनुस्वार, उकार आणि "द्र"ची तिरपी रेघ हाताने तपासली. पत्र्यावर गंजाचे ठिपके होते, त्यातला एक "भा"च्या शेजारी अनुस्वारासारखा उठून आला होता. तो खोडला.

मग पाटी कोरी केली. त्यासाठी तीच निवड चारेक पिक्सेलांनी फुगवून आजूबाजूच्या निळ्याने भरली. फुगवायचं विसरलात तर अक्षरांच्या कडेची फिकट भुतं उरतात, आणि यंत्र त्या भुतांवरून नवीन अक्षरं गिरवायला बसतं.

पुढे कोरी पाटी असलेला फोटो 1024 वर नेऊन 0.5ला जलरंग करून घेतला. इथे एक गंमत होते. यंत्राला दुकान दिसलं, की ते कोऱ्या पाटीवरही काहीतरी खरडतं. म्हणून वर्णनात दुकान, पाटी, बोर्ड हे शब्द लिहायचे नाहीत, आणि तरीही खरडलंच तर तेवढा भाग निवडून साध्या निळ्या जलरंगाने भरायचा.

आलेलं चित्र परत 4032 रुंदीवर मोठं केलं आणि अक्षरांचा थर वर ठेवला. तो तसाच क्वचित जुळतो. आमची पाटी उजव्या टोकाला सहा पिक्सेल खाली सरकली होती. मूळ फोटो अर्धपारदर्शक करून वर धरला, पाटीचे चारही कोपरे पाहिले आणि अक्षरांचा थर कोपऱ्यांना धरून ताणला. सूचना देऊन फोटो बदलणारी काही साधनं अख्खं चित्रच थोडं सरकवून किंवा किंचित मोठं करून देतात. तिथे तर कोपरे जुळवल्याशिवाय सुटका नाही.

पण मग अक्षरं वरून चिकटवल्यासारखी दिसणार ना?

मूळ फोटोतले पिक्सेल जसेच्या तसे टाकले, तर दिसणारच. भोवती जलरंग आणि मध्ये फोटोतला गंजका पत्रा. म्हणून मी मूळ फोटोतून फक्त अक्षरांचा आकार घेतो आणि रंग नव्या चित्रातून घेतो. मुखवट्यात पांढरा शुभ्र रंग भरायचा नाही. चित्रात कागद जिथे उजळ दिसतो तिथला किंचित पिवळसर पांढरा उचलायचा. त्यावर चित्रातलाच कागदाचा पोत गुणाकार पद्धतीने, म्हणजे `Multiply` ठेवून, अगदी हलका चढवायचा. छपरीची सावली पाटीच्या वरच्या भागावर पडत असेल, तर ती अक्षरांवरूनही गेली पाहिजे. अक्षरं सावलीत उजळ राहिली, की डोळा लगेच अडखळतो.

कडा थोड्या खडबडीत केल्या तर ब्रशने लिहिल्यासारखं वाटतं, पण इथे हात आवरायला लागतो. आमच्या पाटीवर अक्षराची रेघ 20 पिक्सेल जाड होती. मी कड दोन पिक्सेलांपेक्षा जास्त हलवली नाही, आणि अनुस्वाराला हातच लावला नाही.

अक्षरं नव्याने टाइप करून का बसवू नयेत? सोपं नाही का?

फ्लेक्सच्या पाटीला चालेल. तिथे मुळात फॉन्टच होता. हाताने रंगवलेल्या पाटीला मी शक्यतो करत नाही. गिरगावच्या पाटीतला "ळ" पेंटरने असा गोल काढला होता, की तसा कुठल्याच फॉन्टमध्ये सापडला नसता. दुकानमालक आपली पाटी त्या ळ वरून ओळखतो.

मूळ फोटोत पाटी अस्पष्टच असेल आणि मालकाने मजकूर लिहून दिला असेल, तर टाइप करणं हाच मार्ग. तेव्हा दोन गोष्टी बघा. पहिली, तुमचं साधन देवनागरी जोडून लिहितं का? ओपनसीव्हीच्या `putText`ला देवनागरी येतच नाही. पायथनमधलं पिलो वापरत असाल तर आधी हे चालवून पाहा:

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

उत्तर `False` आलं, तर "मिठाई"ची वेलांटी भलत्या बाजूला जाईल आणि "केंद्र"चं जोडाक्षर फुटून मधला हलन्त दिसेल. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींची मांडणी निवडलेली नसली की हाच घोळ होतो. दुसरी गोष्ट म्हणजे भाषा मराठी निवडा. काही फॉन्टांत मराठीचा ल आणि श वेगळा ठेवलेला असतो, आणि भाषा सांगितली तरच तो बाहेर येतो. हिंदी वळणाचा ल पाहून कुणी काम परत करणार नाही, पण गिरगावात एखादे आजोबा नक्की बोलून दाखवतील.

फोटोत माणूस नंतर उभा करायचा असेल, तर आधी माणूस की आधी चित्र?

आधी माणूस. साध्या फोटोतच भाच्याला उभा करून उजेड, सावली, उंची जुळवून घ्या. मग पाटीची आणि टी-शर्टची अक्षरं दोन वेगळ्या थरांत उचला आणि मगच अख्ख्या फोटोचं चित्र करा. उलट केलं तर भाचा फोटोतला आणि दुकान चित्रातलं, असा प्रकार होतो.

उभा करताना तो कुठल्या अक्षराआड येतो हे बघा. पहिल्या खेपेला आमच्या भाच्याचं डोकं बरोबर "द्र"वर आलं होतं. मागे काय लिहिलंय हे माहीत असल्याने मला ते खटकलंच नाही. त्याला हातभर डावीकडे घेतलं. डोक्याभोवतीची कड मऊ करतानाही जपा. केसांच्या कडेला पाचसहा पिक्सेलांचं धुकं राहिलं आणि ते शेजारच्या अक्षरावर आलं, तर काना गिळला जातो.

दुकानात ऊन डावीकडून येतं आणि भाच्याच्या फोटोत उजवीकडून. त्याला आडवा फिरवला तर?

टी-शर्टवर अक्षरं नसती तर मीही तेच केलं असतं. आरशासारखा फिरवला, की "मुंबईकर" उलटं होतं. काही जण मग फक्त छातीवरचा तुकडा परत सुलटा करतात. अक्षरं वाचता येतात, पण कापडाच्या चुण्या एका बाजूला आणि अक्षरांची वळणं दुसऱ्या बाजूला, हे विचित्र दिसतं. दुसरा फोटो मागा. नसेलच, तर न फिरवता उजेड हाताने बदला. वेळ जास्त जातो, पण अक्षरं शाबूत राहतात.

कापडावरची अक्षरं पाटीपेक्षा अवघड का?

पाटी सपाट असते. चार कोपरे जुळले की काम झालं. टी-शर्टवरचं अक्षर चुणीबरोबर वाकतं, काखेकडे दबतं, पोटाच्या गोलाईवर पसरतं. मूळ फोटोतला मुखवटा घेतलात, तर ती वळणं त्यात आधीच असतात. अट एवढीच, की यंत्राने चुण्या जागच्या हलवलेल्या नकोत. 0.5 वर त्या थोड्या हलतातच.

ओळखायचं कसं? चुणीची काळी रेघ अक्षराच्या मध्यातून जात असेल आणि त्या जागी शिरोरेषा मात्र सरळ असेल, तर अक्षर कापडावर नाही, हवेत तरंगतंय. अशा वेळी टी-शर्टपुरता बदल कमी ठेवून तो भाग पुन्हा करून घ्यावा. आमच्याकडे 0.3 वर चुण्या जागेवर राहिल्या.

नव्याने टाइप केलेलं अक्षर बसवायचं असेल, तर ते वाकवावं लागतं. कोऱ्या टी-शर्टची काळी-पांढरी प्रत काढा, तीनेक पिक्सेल धूसर करा आणि तिला विस्थापनाचा नकाशा म्हणून वापरा. गिंपमध्ये हे `Filters > Map > Displace` इथे मिळतं, फोटोशॉपमध्ये `Filter > Distort > Displace` इथे. नकाशातला मधला करडा म्हणजे जागचं हलू नका. त्यापेक्षा उजळ आणि गडद भाग अक्षराला एकमेकांच्या उलट दिशांना ढकलतात. प्रत धूसर केली नाही तर कापडाची वीणही अक्षराला ढकलते आणि कड कुरतडल्यासारखी होते. सुरुवात पाचच्या आसपास करा. वीसवर गेलात तर "मुं"चा उकार शेजारच्या "ब"ला जाऊन भिडेल.

भाच्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरून आलाय. टी-शर्टवर काय लिहिलंय ते धड दिसत नाही.

मग मूळ फोटो मागा. दुसरा उपाय नाही. फोटो मोठा करणारी साधनं अस्पष्ट अक्षर स्वच्छ करून देतात, पण ते त्यांच्या अंदाजाने. "मुंबईकर"चं "मुंबइकर" झालेलं मी पाहिलंय, तेही अगदी काचेसारखं स्वच्छ.

मूळ मिळालाच नाही, तर अक्षर अस्पष्टच राहू द्या. मागच्या गल्लीतल्या लांबच्या पाट्यांचंही मी हेच करतो. डोळ्याने बघणाऱ्यालाही जे वाचता आलं नसतं ते चित्रात रंगाचा ठिपका म्हणून चालतं. फक्त ती खोटी अक्षरं होऊ देऊ नका. लांबच्या पाटीवर यंत्राने भलतीच नक्षी काढली असेल, तर तिथे मूळ फोटोतला धूसर तुकडा बसवून वरून रंग फिरवतो.

पाटीचा भागच वेगळा कापून मोठा करून यंत्राला दिला तर?

बरा उपाय आहे, विशेषतः पाट्या खूप असतील आणि प्रत्येक अक्षर उचलायला वेळ नसेल तेव्हा. गिरगावच्या पाटीभोवतीचा 1536 पिक्सेलांचा तुकडा 1024 वर आणला असता, तर अक्षर 79 पिक्सेलांचं राहिलं असतं, म्हणजे जवळपास दहा चौकोन. अनुस्वारालाही एक चौकोन मिळाला असता. मोठी अक्षरं यात तरतात. पण तुकड्याचा जलरंग आणि बाकीच्या चित्राचा जलरंग एकसारखा येत नाही, आणि सांधा झाकण्यात तेवढाच वेळ जातो.

फक्त पाटीचा भाग झाकून ठेवला, की यंत्र त्याला हात लावणार नाही ना?

साधनावर आहे. काही साधनं शेवटी झाकलेल्या भागावर मूळ पिक्सेल स्वतःहून परत ठेवतात. कॉम्फीयूआय या साधनात तुम्ही सांगितल्याशिवाय तसं होत नाही. झाकलेला भागही त्या चौकोनांतून फिरून येतो आणि अक्षरं किंचित विरघळतात. तिथे शेवटी `ImageCompositeMasked` लावून मूळ फोटो परत बसवा.

काम बरोबर झालं हे तपासायचं कसं?

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. या पद्धतीआधीचं काम होतं, तीन फुटी फ्लेक्स. मी दहा वेळा पाहिला, मुलाने पाहिला, छापून आला. दुकानमालक काकांनी दारातच वाचला.

"अरे, हे 'धरगुती' काय आहे?"

"काका, घरगुतीच आहे ते."

"बोट ठेव आणि वाच."

बोट ठेवलं. शिरोरेषा तुटलेली होती. पुन्हा छपाई, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून मी स्वतः तपासत नाही. पाटीवर काय आहे हे ज्याला माहीत असतं त्याचा डोळा चुकीचं अक्षरही बरोबर वाचतो. मूळ फोटो न पाहिलेल्या माणसाला चित्र देतो आणि मोठ्याने वाचायला लावतो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने माझ्या कितीतरी पाट्या वाचल्या आहेत. एकदा पूर्ण आकारात आणि एकदा मोबाइलच्या पडद्यावर, कारण चित्र शेवटी तिथेच बघितलं जातं.

जोडीला अक्षर ओळखणारं साधनही चालवता येतं:

```
tesseract pati.png stdout -l mar --psm 7
```

`psm 7` म्हणजे एकच ओळ आहे असं समजून वाच. यासाठी मराठीचा डेटा बसवलेला हवा. मूळ पाटीचा तुकडा आणि नव्या चित्रातला तुकडा, दोन्हींवर चालवा आणि उत्तरं शेजारी ठेवा. रंगवलेल्या वळणदार अक्षरांवर हे साधन मूळ फोटोतही चुकतं. त्यामुळे ते काय वाचतं यापेक्षा दोन वाचनांत कुठे फरक पडतो तिकडे लक्ष द्या. आमच्या पाटीत दोन्हीकडे "ळ" चुकला, म्हणजे तो पेंटरचा ळ. फरक फक्त "केंद्र"मध्ये आला, आणि तिथे खरंच अनुस्वारावर कागदाचा पोत जास्त चढला होता.

सगळं नीट झालं, पण गिऱ्हाइकाला पाठवलं आणि अक्षरं पुन्हा फुटली.

जेपेग करताना रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवली जाते, उजेडाची मात्र पूर्ण. निळ्यावर पांढरं यात टिकतं, कारण तिथे उजेडाचाच फरक मोठा आहे. हिरव्या पाटीवर लाल अक्षरं असतील, तर फरक मुख्यतः रंगाचा असतो आणि कडा माखतात. अशा चित्राची पीएनजी प्रत काढा, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.